फिटरच्या शिकाऊ उमेदवारीची निवड: कागदांच्या टेबलापासून जॉबच्या तपासणीपर्यंत

चाकण, भोसरी, वाळूज किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार घ्यायचे असले की निवडीचा दिवस साधारण एकाच क्रमाने जातो. सकाळी कागद, मग मापनाची छोटी परीक्षा, मग व्हाइसवर जॉब, आणि जॉब हातात धरून तपासणाऱ्याशी बोलणं. करार त्यानंतर. आम्ही या दिवसाच्या दोन्ही बाजूंना उभे असतो: आयटीआयतून मुलं पाठवणारे शिल्प निदेशक, आणि कारखान्यात जॉब तपासणारे. मुलं कुठे अडकतात ते दोघांनाही दिसतं, आणि ती ठिकाणं दरवर्षी जवळजवळ तीच असतात. इथे फिटर ट्रेडचाच दिवस घेतला आहे, कारण फिटरची परीक्षा हाताच्या कामावर जेवढी ठरते तेवढी इतर थोड्याच ट्रेडची ठरते.

एक फरक आधी सांगून ठेवतो. रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारीत जॉब करायला लावत नाहीत. तिथे दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून गुणवत्ता यादी लागते आणि त्यावरून बोलावणं येतं. खासगी कारखान्यात उलटं आहे. तिथे गुणपत्रिका टेबलापर्यंत नेते, पुढचं व्हाइसवर ठरतं. ज्याला दोन्हीकडे अर्ज करायचा आहे त्याने दोन्ही तयाऱ्या वेगळ्या आहेत हे धरून चालावं.

कागदांच्या टेबलावर पाच गोष्टी बघतात: दहावीची गुणपत्रिका, आयटीआयच्या गुणपत्रिका, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र म्हणजे एनटीसी, आधार, आणि बँकेचं पासबुक. निकाल नुकताच लागला असेल तर एनटीसीऐवजी गुणपत्रिकेवर भागवतात. पण टेबलावरचा माणूस टक्क्यांपेक्षा नावावर जास्त वेळ घालवतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकदा स्वतःचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. नुसता क्रम वेगळा असेल तर फारसं अडत नाही. अडतं ते वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षराने असेल तेव्हा, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचं असेल तेव्हा, किंवा जन्मतारखेत दिवस-महिना उलटा पडला असेल तेव्हा. करार ऑनलाइन होतो, आणि उमेदवाराची नोंदणी आधारवरून पडताळली जाते. त्यामुळे कागदावर चालून गेलेली चूक तिथे येऊन थांबते, आणि तोवर निवड होऊन पंधरा दिवस गेलेले असतात.

दुरुस्ती कुठे करायची हेही बघावं लागतं. दहावीचा कागद हा सगळ्यांचा पाया धरतात, तेव्हा आधार त्याच्याशी जुळवून घेणं हा सरळ रस्ता. एनटीसीवरच चूक असेल तर ती आयटीआयमार्फतच दुरुस्त होते, सायबर कॅफेत होत नाही, आणि तिला वेळ लागतो. म्हणून आम्ही मुलांना शेवटच्या सत्रातच तिन्ही कागद एकाखाली एक ठेवून अक्षर अन् अक्षर वाचायला लावतो.

प्रमाणपत्रावर तपासणारा आणखी एक गोष्ट बघतो: ट्रेडचं नाव आणि कालावधी. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. फिटरच्या जागेसाठी वेल्डर आला तर तो चांगला वेल्डर असूनही त्या जागेवर त्याचा करार करता येत नाही. मुलाला वाटतं की कामाचं बघतील, पण करारात ट्रेड निवडावा लागतो आणि प्रमाणपत्र त्या ट्रेडचं लागतं.

मापनाची परीक्षा वीस मिनिटांत आटोपते. टेबलावर तीन-चार घडवलेले तुकडे, एक व्हर्नियर आणि एक मायक्रोमीटर असतो. कागदावर मापं लिहून द्यायची. व्हर्नियरचं लघुतम माप ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचं ०.०१, हे सगळ्यांना पाठ असतं. ज्यांना फक्त पाठ असतं त्यांच्यासाठी मायक्रोमीटरमध्ये मुद्दाम शून्याची चूक ठेवलेली असते. ॲन्व्हिल आणि स्पिंडल टेकल्यावर थिंबल शून्यावर न येता ०.०२ पुढे वाचतो. आता तुकड्यावर २४.०३ दिसलं तर खरं माप २४.०१. ज्याने मोजण्याआधी जबडे पुसले, मायक्रोमीटर बंद करून शून्य पाहिलं, तो हे पकडतो. बाकीचे २४.०३ लिहून मोकळे होतात. तपासणाऱ्याला उत्तराच्या कागदाआधीच कळलेलं असतं, कारण तो हातांकडे बघत असतो: मुलगा थिंबल पिळतो की रॅचेट फिरवतो, तुकडा पुसतो की नाही, मायक्रोमीटर ठेवताना जबडे घट्ट बंद करून ठेवतो की किंचित उघडे.

आता जॉब. निवडीसाठी बऱ्याच ठिकाणी एल आकाराचं जोडकाम देतात, कारण ते थोडक्यात पुष्कळ सांगून जातं. ५० × १० च्या माइल्ड स्टीलच्या पट्टीतून साधारण ५१ मिमी लांबीचे दोन तुकडे कापून हातात देतात. दोन्ही तुकडे ४८ × ४८ करायचे, प्रत्येकाच्या एका कोपऱ्यातून २४ × २४ ची खाच काढायची, आणि एक तुकडा उलटा फिरवून दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा. दोन्ही मिळून ४८ रुंद आणि ७२ उंच असा एक आयत होतो. मापांना ±०.०४ मिमीची सूट, आणि जोडात ०.०५ ची फीलर पट्टी शिरता कामा नये. वेळ पाच तास. सूट आणि वेळ कारखान्यागणिक बदलतात, पण कामाचा क्रम बदलत नाही.

मापं २४, ४८ आणि ७२ अशी का, याकडे लक्ष द्यावं. ० ते २५, २५ ते ५० आणि ५० ते ७५ या तीन मायक्रोमीटरांत ती नीट मध्ये बसतात. २५ ठेवलं असतं तर माप दोन मायक्रोमीटरांच्या सीमेवर पडलं असतं आणि धड एकानेही नीट घेता आलं नसतं. रेखाचित्र हातात आल्यावर कुठलं माप कशाने घ्यायचं हे मुलाने आधी ठरवलं, तर नंतर टूल क्रिबपाशी रांगेत वेळ जात नाही.

जॉब बिघडतो तो बहुधा पहिल्या तासात, आणि बिघडल्याचं चौथ्या तासात कळतं. कारण असं. पट्टी ५० रुंद आहे आणि जॉब ४८, म्हणजे रुंदीच्या दोन्ही बाजू मिळून फक्त २ मिमी धातू हाताशी आहे. पट्टीच्या कडा रोलमधून आलेल्या, किंचित गोलसर आणि काळ्या असतात. पहिली कड सपाट करायला घेतली, कानस डोलली, मध्ये फुगवटा राहिला, तो काढायला पुन्हा घासलं, आता एक टोक खाली गेलं, ते जुळवायला आणखी घासलं. या खेळात त्या एका कडेवरून दीड मिमी जातो. मग समोरच्या कडेला अर्धा मिमीच उरतो, तिथला गोलवा निघत नाही, आणि ४८ वर आल्यावरही कडेला काळी रेघ दिसत राहते. काळी रेघ दिसली की तपासणाऱ्याला आधीचा सगळा इतिहास कळतो.

पहिली कड म्हणजे डॅटम. पुढची सगळी मापं तिच्यापासून निघतात, म्हणून तिला वेळ द्यायचा पण धातू द्यायचा नाही. व्हाइसच्या जबड्याची उंची कोपराइतकी आहे का बघावं. नसेल तर पायाखाली फळी मागून घ्यावी, ती मागण्यात कमीपणा नाही. ३०० मिमीच्या बास्टर्ड कानशीने आडवं-तिरपं घासून आधी काळी साय काढायची, मग लगेच सेकंड कटवर यायचं. दर दहा-बारा फटक्यांनी जॉब उजेडासमोर धरून गुण्याचं पातं कडेवर टेकवायचं. पात्याखालून दोन्ही टोकांना उजेड दिसला तर मध्ये फुगवटा आहे आणि हात डोलतो आहे. मध्ये उजेड दिसला तर मध्यभाग जास्त घासला गेला आहे. याच वेळी गुण्याचा ठोकळा तुकड्याच्या रुंद पृष्ठावर टेकवून १० मिमीच्या जाडीतही काटकोन आहे का तपासायचं. हे दुसरं तपासणं निम्मी मुलं विसरतात, आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते पुढे येईल.

पहिल्या कडेला काटकोनात दुसरी कड केली की आखणी. सरफेस प्लेट पुसायची, जॉबचा बर काढायचा, अँगल प्लेटला टेकवून हाइट गेजने डॅटमपासून २४ आणि ४८ च्या रेघा मारायच्या. तुकडा फिरवून दुसऱ्या डॅटमवर उभा केला की त्याच रेघा पुन्हा. बर राहिला असेल तर जॉब त्या बरवर उभा राहतो, आणि जॉबवरची रेघ ०.१ ने खाली पडते. मग मुलगा म्हणतो की रेघेपर्यंत बरोबर घासलं होतं. खरंच घासलेलं असतं, रेघच चुकलेली असते. म्हणून रेघ ही फक्त करवतीसाठी धरावी, शेवटचं माप नेहमी मायक्रोमीटरचं.

दोन २४ च्या रेघा जिथे छेदतात तिथे सेंटर पंच मारून ३ मिमीचं छिद्र पाडतात. खाचेच्या आतल्या कोपऱ्यात कानशीला चौक काटकोन काढता येत नाही, तिथे थोडा गोलवा राहतोच. छिद्र नसेल तर समोरच्या तुकड्याचा कोपरा त्या गोलव्यावर अडतो आणि जोड बसत नाही. छिद्र करवतीच्या आधी पाडायचं. खाच कापून टाकल्यावर तिथे अर्धाच धातू उरतो आणि ड्रिल रिकाम्या बाजूला ओढलं जातं. इथे आणखी एक गोष्ट घडते. बेंच ड्रिलचा पट्टा आधीच्या कोणी १२ मिमीच्या ड्रिलसाठी सावकाश वेगावर लावलेला असतो, मुलगा तसाच ३ मिमीचं ड्रिल लावतो, ते कापत नाही म्हणून दाब वाढवतो, आणि ड्रिल जॉबमध्ये मोडतं. माइल्ड स्टीलला कापण्याचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला तर ३ मिमीच्या ड्रिलला मिनिटाला सुमारे २६५० फेरे लागतात. एवढा हिशेब तोंडी येत नसला तरी बारीक ड्रिलला वेग जास्त आणि दाब कमी हे लक्षात असावं, आणि मशीन सुरू करण्याआधी पट्टा कुठल्या पायरीवर आहे ते झाकण उघडून बघावं. झाकण उघडताना मुख्य स्विच बंद केला का, हेही तपासणारा बघत असतो.

आता क्रम. आधी दोन्ही तुकडे बाहेरून ४८ × ४८ पूर्ण करायचे, खाचेला त्यानंतर हात लावायचा. दोन्ही रेघांच्या आत साधारण अर्धा ते पाऊण मिमी सोडून करवतीने कापायचं. मग एकच तुकडा, त्याला ‘अ’ म्हणू, मापावर पूर्ण करायचा: खाचेखालची पाठ २४.०० आणि उभ्या पायाची रुंदी २४.००. दुसरा तुकडा ‘ब’ मात्र ०.१ ते ०.१५ जाड ठेवून ‘अ’ वर बसवत बसवत आणायचा. दोन्ही एकदम थोडे थोडे घासत नेले की कोण कोणावर अडतं आहे हे कळेनासं होतं. एक तुकडा पक्का असला की तोच दुसऱ्याचा गेज होतो.

इथे एक प्रत्यक्ष जॉब बघू. ‘अ’ छान झाला होता: उंची ४८.००, पाठ २३.९८. म्हणजे त्याच्या पायाची खाचेपासूनची लांबी २४.०२. ‘ब’ ची बाहेरची उंचीही ४८.०० होती. दोन्ही जोडून बघितले तर ‘ब’ चा पाय ‘अ’ च्या खाचेच्या तळाला टेकत नव्हता, मध्ये उजेड दिसत होता, आणि ०.०५ ची फीलर सहज जात होती. मुलाने विचार केला की फट इथे आहे, तर इथेच काहीतरी कमी पडलं आहे. पण जिथे फट आहे तिथला धातू तर परत येत नाही. मग त्याने ‘अ’ च्या पायाचं टोक घासायला घेतलं, कारण ते वर अडतं आहे हे त्याला दिसत होतं. ०.०९ घासल्यावर फट गेली. जोड सुंदर बसला. आणि ‘अ’ ची उंची ४७.९१ झाली, सूट संपते ४७.९६ वर. जोडाचे गुण मिळाले, मापाचे गेले, आणि जोडलेली उंची ७१.९८ आल्यामुळे ती चूक झाकली गेल्यासारखी वाटली.

अडलं कुठे होतं ते एका मापात कळलं असतं. ‘ब’ ची पाठ मायक्रोमीटरमध्ये धरली तर ती २४.०७ होती. पाठ जाड, म्हणून ‘ब’ च्या पायाची लांबी ४८.०० वजा २४.०७, म्हणजे २३.९३. तिकडे ‘अ’ चा पाय २४.०२ लांब. ‘अ’ चा पाय ‘ब’ च्या खाचेत वर टेकतो आणि ‘ब’ चा पाय खाली ०.०९ ने अधांतरी राहतो. उपाय ‘ब’ च्या खाचेच्या आत होता. तिथून ०.०७ काढले असते तर पाठ २४.०० वर आली असती, पायाची लांबी २४.०० झाली असती, फट ०.०२ उरली असती आणि जोडलेली उंची ७२.०० आली असती. बाहेरच्या एकाही मापाला धक्का लागला नसता. फट एका ठिकाणी दिसते आणि घासायचं दुसऱ्याच ठिकाणी असतं. म्हणून जोड बसला नाही की कानस उचलायची नाही, मायक्रोमीटर उचलायचा, आणि चारही मापं कागदावर लिहायची: दोन पाठी, दोन पाय. वजाबाकी केली की कुठे हात लावायचा ते कागदच सांगतो.

अडलेली जागा शोधायला प्रशियन ब्लूचा पातळ हातही चालतो. ‘अ’ ला लावायचा, ‘ब’ सरकवून बसवायचा, काढायचा, आणि ‘ब’ वर निळे डाग जिथे उमटले तिथलेच सेकंड कट किंवा स्मूथ कानशीने उतरवायचे. जाड थर लावला तर सगळीकडेच निळं होतं आणि काहीच कळत नाही. तुकडे हातोडीने ठोकून बसवू नयेत. ठोकल्यावर जोड बसल्यासारखा दिसतो, पण कडा चेपतात आणि त्या चेपलेल्या कडा नखाला लागतात.

तपासणारा जॉब हातात घेतो तेव्हा आधी मापं घेत नाही. जोडलेला जॉब खिडकीसमोर धरतो, मग ‘ब’ काढून पालथा करतो आणि चतुर्थांश फिरवून पुन्हा बसवतो. एलच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे असा पालथा तुकडाही खाचेत बसायला हवा. इथे त्या जाडीतल्या काटकोनाचा हिशेब होतो. समजा ‘अ’ चा पृष्ठभाग १० मिमीच्या जाडीत ०.०३ ने कलता आहे आणि ‘ब’ त्याच्यावर बसवत घासल्यामुळे विरुद्ध कलाने त्याच्याशी जुळून गेला आहे. सरळ बसवल्यावर उजेड दिसत नाही. पालथा केला की दोन कल एकाच बाजूला येतात आणि एका अंगाला ०.०६ ची फट उघडते. मुलाला हा अन्याय वाटतो, कारण त्याच्या हातात जोड घट्ट बसला होता. पण असेंब्लीत सुटे भाग कुठल्या बाजूने लागतील याची खात्री नसते, म्हणून ही चाचणी असते. उपाय सोपा आहे आणि तो पहिल्या तासातलाच आहे: प्रत्येक कड घासताना गुण्या जाडीतही लावायचा.

फिनिशकडे मुलं फार लक्ष देतात. शेवटचा अर्धा तास एमरी पेपर घासण्यात घालवतात, आणि त्याने कडा गोल होतात. तपासणाऱ्याला चमक नको असते. त्याला स्मूथ कानशीचे एका दिशेने गेलेले सारखे दाते दिसले तरी पुरतं. खोल ओरखडा दिसला तर मात्र तो थांबतो, कारण तो ओरखडा कानशीच्या दातांत अडकलेल्या किसाचा असतो. कानशीला खडू घासला आणि वायर ब्रश दातांच्या रेघेत फिरवला तर किस अडकत नाही. टेबलावर खडू ठेवलेला असतो, तो कशासाठी हे विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही.

जॉबनंतरचं बोलणं पाच-सात मिनिटांचं असतं. पुस्तकातले प्रश्न फारसे नसतात. एम८ चा टॅप मारायचा तर छिद्र किती, असं विचारतात. ८ मधून पिच १.२५ वजा केला की ६.७५, म्हणून ६.८ मिमीचं ड्रिल, एवढं उत्तर कारणासह आलं की पुढे जातात. मग जॉबवरच बोट ठेवून विचारतात: ही फट का राहिली? इथे आमचा अनुभव पक्का आहे. ज्याची फट राहिली आहे पण ज्याला ती का राहिली हे पाठ-पायाच्या मापांनी सांगता येतं, तो पुष्कळदा घेतला जातो. ज्याचा जोड बसला आहे पण कसा बसला हे सांगता येत नाही, त्याच्याबद्दल तपासणारे आपसात बोलतात. वर्षभरात हात सुधारतो, पण कारण शोधायची सवय नसलेल्या मुलाला दर वेळी शेजारी उभं राहावं लागतं, आणि शॉपमध्ये तेवढी माणसं मोकळी नसतात.

निवड झाल्याचा फोन आला की मुलं आनंदात पत्र घेतात आणि ‘ट्रेनी’ हा शब्द वाचून सही करतात. इथे थांबून वाचायला हवं. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे आणि त्याखालची उमेदवारी कराराने होते. तो करार apprenticeshipindia.gov.in या पोर्टलवर नोंदला जातो, त्याला क्रमांक मिळतो, आणि उमेदवाराला तो स्वतःच्या खात्यातून बघता येतो. कंत्राटदाराच्या लेटरहेडवर ‘ट्रेनी’ म्हणून दिलेलं पत्र म्हणजे हा करार नव्हे. काम तेच असेल, गणवेशही तोच असेल, पण वर्षअखेरीची परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र त्यातून मिळत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: करार पोर्टलवर होणार आहे का, आणि कुठल्या ट्रेडमध्ये?

ट्रेडचं विचारायला लागतं, कारण शिकाऊ उमेदवारीत निर्देशित ट्रेड वेगळे आणि ऐच्छिक ट्रेड वेगळे. फिटर हा निर्देशित ट्रेड आहे. त्याची अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते. कारखाना आयटीआय फिटरला असेंब्लीच्या एखाद्या ऐच्छिक ट्रेडमध्येही घेऊ शकतो, तेही कायद्यात बसतं. पण मग वर्षअखेरीचं प्रमाणपत्र त्या ऐच्छिक ट्रेडचं असतं, आणि पुढे ज्या जाहिरातीत ‘फिटर ट्रेडमधील शिकाऊ उमेदवारी पूर्ण’ अशी अट असते तिथे ते चालत नाही. करारावर सही करण्याआधी ही ओळ वाचायला एक मिनिट लागतं.

विद्यावेतनाबद्दल एक गैरसमज दर बॅचमध्ये निघतो. २०१९ च्या नियमांत आयटीआय उत्तीर्णाचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये धरलं होतं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकारचा वाटा २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये. ७,००० चे २५ टक्के १,७५० होतात, म्हणून मर्यादेमुळे १,५०० च. हा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जातो आणि उरलेले ५,५०० कारखाना देतो. मुलगा पहिल्या महिन्यात ५,५०० बघून पैसे कापले म्हणून एचआरकडे जातो. बहुतेकदा कापलेलं काही नसतं, खातं आधारशी जोडलेलं नसल्याने सरकारी वाटा अडकलेला असतो. म्हणून पासबुक कागदांच्या टेबलावर मागतात. आधार ज्या खात्याशी जोडलेलं आहे तेच खातं द्यावं. गावाकडच्या बँकेत जुनं खातं आणि कारखान्यापाशी नवं खातं अशी दोन असली की गोंधळ होतो, कारण पैसे त्या वेळी आधार ज्याला जोडलेलं आहे त्या खात्यात जातात.

आणखी एक अडचण अर्ध्यात सोडून आलेल्यांची. आधीच्या कारखान्यात दोन महिने करून मुलगा न सांगता घरी निघून गेला, तर पोर्टलवर तो करार चालूच दिसतो आणि नवा करार होत नाही. आधी जुना करार रीतसर रद्द करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी जुन्या कारखान्याची कारवाई लागते. तिथल्या माणसाशी बोलणं तुटलेलं असेल तर आपल्या जिल्ह्यातल्या बीटीआरआय केंद्रात जावं. मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र हे त्याचं पूर्ण नाव, आणि शिकाऊ उमेदवारीच्या तक्रारी तिथे घेतात. सोबत आधीच्या कराराचा क्रमांक न्यावा, नुसत्या कारखान्याच्या नावावर शोधायला वेळ जातो.

रुजू व्हायच्या दिवशी करारातली सुरुवातीची तारीख आणि गेटपासवरची तारीख ताडून बघावी. कारखाना पहिल्या तारखेला कामावर घेतो आणि करार पंधरा-वीस दिवसांनी नोंदवतो असं होतं. शिकाऊ उमेदवारीचा काळ करारातल्या तारखेपासून मोजला जातो, त्यामुळे ते आधीचे दिवस हिशेबात येत नाहीत, आणि परीक्षेच्या नोंदणीच्या वेळी काळ पुरा होत नसेल तर मुलगा पुढच्या परीक्षेवर जातो. तारीख वेगळी दिसली तर त्याच आठवड्यात एचआरला लेखी विचारावं.

जॉब करून झाल्यावर बहुतेक कारखाने दोन्ही तुकडे ठेवून घेतात, त्यावर मुलाचा क्रमांक पंच केलेला असतो. रुजू झाल्यावर काही शॉपमध्ये पर्यवेक्षक तो जॉब पहिल्याच दिवशी परत हातात देतो आणि ‘ब’ ची पाठ मोजायला सांगतो.